तहकूब सभेचं इतिवृत्त: कोणते विषय पुढे न्यायचे आणि नोटीस कधी काढायची

सचिवपद नव्याने अंगावर आलं की साध्या सभेचं इतिवृत्त लिहायला फार दिवस लागत नाहीत. जुनं रजिस्टर उघडायचं, आधीच्या सचिवाने कसं लिहिलंय ते पाहायचं आणि त्याच वळणाने पुढे जायचं. गाडी अडते ती सभा अर्धवट थांबवावी लागते तेव्हा. सभागृहाची वेळ संपते, चर्चा लांबते, माणसं निघून जातात आणि अध्यक्ष म्हणतात, "उरलेलं पुढच्या रविवारी घेऊ." त्या क्षणी सचिवाने काय लिहिलं, यावर पुढच्या बैठकीत काय घेता येईल आणि त्यासाठी नोटीस काढावी लागेल की नाही, हे ठरतं.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ती नवी सभा नसते, आधीच्याच सभेचा उरलेला भाग असतो. या लेखात मी संपूर्ण कामकाजाला 'सभा' म्हणतो आणि ते ज्या वेगवेगळ्या दिवशी चालतं त्या प्रत्येक भागाला 'बैठक'. सभा एक, बैठका दोन. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

तहकुबी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

सभा थांबण्याचे चार-पाच प्रकार असतात आणि बोलताना लोक सगळ्यांनाच 'तहकूब' म्हणतात. रजिस्टरमध्ये मात्र फरक करावा लागतो.

चहासाठी किंवा मतमोजणीसाठी अर्धा तास थांबलात तर ती विश्रांती. "5:40 ते 6:10 विश्रांती" एवढी एक ओळ पुरते. सभा सुरू होण्याआधीच पुढची तारीख दिली, तर सभा पुढे ढकलली. अशा वेळी सभा झालेलीच नसते, त्यामुळे इतिवृत्तही नसतं. ती पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे नियमांत पाहायचं आणि सगळ्यांना कळवायचं.

खरी तहकुबी म्हणजे सुरू झालेली सभा थांबवणं. तिच्यातही दोन जाती आहेत. तारीख, वेळ आणि ठिकाण सभेतच ठरवून थांबलात तर पुढचं काम सोपं असतं. "पुढची तारीख नंतर कळवू" म्हणून थांबलात तर ती अनिश्चित काळासाठीची तहकुबी होते आणि नोटिशीचा प्रश्न जवळजवळ पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून अध्यक्षांनी सभा थांबवण्याची भाषा सुरू केली की सचिवाने हळूच विचारावं, "तारीख आत्ताच जाहीर करूया का?" या एका प्रश्नाने पुढचं बरंच काम वाचतं.

उरतो गणपूर्तीअभावी तहकूब होण्याचा प्रकार. त्याकडे शेवटी वळू.

थांबण्याच्या क्षणीची स्थिती जशीच्या तशी लिहा

नव्या सचिवाचं पहिलं इतिवृत्त बहुधा असं असतं: "विषय क्र. 5 वर सविस्तर चर्चा झाली. वेळेअभावी सभा तहकूब करण्यात आली." वाचायला यात काही चूक दिसत नाही. पण दोन आठवड्यांनी अध्यक्ष विचारतात, "आपण नेमके कुठे थांबलो होतो?" त्याचं उत्तर या दोन वाक्यांत नाही. ठराव मांडला गेला होता का? त्याला अनुमोदन मिळालं होतं का? उपसूचना आली होती का, आणि चर्चा कशावर चालली होती, ठरावावर की उपसूचनेवर? सभेत आलेल्या पन्नास जणांच्या आठवणी पन्नास प्रकारच्या असतात.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेऊ. समजा, एका संस्थेचे 180 सभासद आहेत आणि गणपूर्ती 40 ची आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, 7 जून 2026 रोजी सायंकाळी 5 वाजता सुरू झाली. विषयपत्रिकेत सात विषय आहेत: मागील इतिवृत्त कायम करणे, वार्षिक अहवाल, हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक, वर्गणीवाढ, कार्यकारिणीची निवडणूक आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. पहिले चार विषय पार पडले. पाचव्यावर ठराव आला, त्यावर उपसूचना आली, चर्चा रंगली आणि सभागृह आठला रिकामं करायचं होतं. सुरुवातीला 64 जण होते, त्यांतले सहा तोवर निघून गेले होते.

इतिवृत्तातला शेवटचा भाग असा असावा:

> विषय क्र. 5: वार्षिक वर्गणीत वाढ
> मूळ ठराव: "1 जुलै 2026 पासून वार्षिक वर्गणी सध्याच्या दीडपट करण्यात यावी." सूचक: ……, अनुमोदक: ……
> उपसूचना: "ठरावातील 'दीडपट' या शब्दाऐवजी 'सव्वापट' हा शब्द घालावा." सूचक: ……, अनुमोदक: ……
> उपसूचनेवर चर्चा चालू असताना सभा थांबली. उपसूचना किंवा मूळ ठराव यांपैकी कशावरही मतदान झालेले नाही.
>
> ठराव क्र. 5: सभा तहकूब करणे
> सभागृहाची वेळ संपत आल्याने ही सभा रविवार, 21 जून 2026 रोजी सायंकाळी 5 वाजेपर्यंत तहकूब करावी व याच सभागृहात पुढे चालू ठेवावी. सूचक: ……, अनुमोदक: …… हात वर करून मतदान: बाजूने 51, विरोधात 7. ठराव मंजूर.
> तहकुबीच्या वेळी उपस्थिती: 58.
> शिल्लक कामकाज: विषय क्र. 5 (उपसूचनेवरील चर्चेपासून पुढे), विषय क्र. 6 व 7.
> पुढील बैठकीची तारीख, वेळ व ठिकाण अध्यक्षांनी सभेत वाचून दाखवले. सभा 7 वाजून 55 मिनिटांनी तहकूब झाली.

यात भाषणांचा सारांश नाही आणि तो नसलेलाच बरा. मात्र ठराव आणि उपसूचना शब्दशः आहेत. सचिवाने उपसूचना आपल्या शब्दांत लिहिली, तर पुढच्या बैठकीत सूचक उठून म्हणणार, "मी असं म्हटलंच नव्हतं." म्हणून उपसूचना आली की ती चिठ्ठीवर लिहून मागायची आणि चिठ्ठी रजिस्टरला जोडून ठेवायची.

"मतदान झालेले नाही" हे वाक्य काहींना फालतू वाटतं. मला ते या पानावरचं सगळ्यात कामाचं वाक्य वाटतं. चर्चेचा सूर एका बाजूला झुकलेला असतो तेव्हा काही लोक 'ठराव पास झाला' अशाच समजुतीने घरी जातात आणि दुसऱ्या बैठकीला येतच नाहीत.

मतदान मात्र मध्येच तोडू नका. हात वर करायला सांगून झालं असेल किंवा मतपत्रिका वाटल्या असतील, तर ते मतदान पुरं करूनच थांबा. मोजणी नंतर झाली तरी चालेल, पण मतपेटी कोणाच्या ताब्यात, कोणासमोर सीलबंद झाली, हे तिथल्या तिथे लिहा.

कोणी तहकूब केली आणि का

बहुतेक संस्थांत सभा तहकूब करण्याचा अधिकार सभेचा असतो. अध्यक्ष सुचवतात, सभासद मत देतात. आपल्या मर्जीने सभा थांबवण्याची मुभा अध्यक्षांना सहसा थोड्याच प्रसंगी असते: गोंधळ आवरेनासा झाला, जागा पुरली नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आला. अशा वेळी कारण लिहायलाच हवं आणि कारणासोबत अध्यक्षांनी दुसरे कोणते पर्याय पाहिले तेही.

हे का, ते इंग्लंडमधल्या एका गाजलेल्या खटल्यावरून कळतं. ऑक्टोबर 1988 मध्ये लंडन लाइफ असोसिएशनची सभा बार्बिकन केंद्रातल्या एका चित्रपटगृहात बोलावली होती. लोक इतके आले की जागा पुरेना, आणि बाहेरच्या खोल्यांना जोडणारी दृक्‌श्राव्य यंत्रणाही नीट चालेना. अध्यक्षांनी सभा त्याच दिवशी दुपारी कॅफे रॉयल या दुसऱ्या ठिकाणी नेली आणि तिथे ठराव मंजूर झाला. अपील न्यायालयाने तो टिकू दिला नाही. अशा अडचणीत सभा तहकूब करण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. पण सकाळी आलेल्या ज्या सभासदांना दुपारी दुसरीकडे जाणं शक्य नव्हतं त्यांचं काय, सभा दुसऱ्या दिवसावर नेता आली नसती का, याचा पुरेसा विचार झाला नव्हता, इथे निर्णय फसला. इतिवृत्तात कारण आणि पर्याय लिहायची सवय असली की निदान असा विचार करायची आठवण तरी होते.

दुसऱ्या बैठकीत काय घेता येतं

नियम सांगायला सोपा आहे. पहिल्या बैठकीत जे घेता आलं असतं आणि उरलं, ते दुसऱ्या बैठकीत घेता येतं. जे त्या दिवशीही घेता आलं नसतं, ते दुसऱ्या बैठकीतही नाही. ब्रिटनमध्ये खाजगी कंपन्यांसाठी असलेल्या नमुना नियमावलीत हेच कलम जवळजवळ याच अर्थाने आहे आणि साध्या संस्थेनेही ते जसंच्या तसं पाळावं.

आपल्या उदाहरणात सुरुवात विषय 5 पासून होईल आणि तीही उपसूचनेपासून. आधी उपसूचनेवरची चर्चा पुरी करायची, तिच्यावर मत घ्यायचं, मग दुरुस्त झालेल्या किंवा मूळ ठरावावर मत घ्यायचं. ठराव पुन्हा नव्याने मांडायला नको, अनुमोदनही पुन्हा नको. सूचक गैरहजर असला तरी ठराव पडत नाही, कारण एकदा मांडून अनुमोदन मिळालं की ठराव सभेचा होतो. त्यानंतर विषय 6 आणि 7, मूळ क्रमाने. क्रम बदलायचा असेल तर सभेची संमती घ्या आणि तसं लिहा.

पहिले चार विषय संपले आहेत. दुसऱ्या बैठकीला आलेला एखादा सभासद म्हणेल, "मी त्या दिवशी नव्हतो, हिशेबावर मला बोलायचंय." त्याची भावना खरी असली तरी हिशेब 7 जूनला मंजूर झाले आहेत. झालेल्या ठरावाचा फेरविचार करण्याची पद्धत तुमच्या नियमांत असेल तर तिच्या अटींनीच तो होईल. तहकुबी म्हणजे मागचे विषय उघडण्याची वाट नव्हे.

खरा गुंता होतो तो नव्या विषयांचा. दोन आठवड्यांच्या मध्यंतरात काहीतरी नवं निघतं. समजा, कार्यकारिणीला वाटलं की संस्थेची एक जागा विकावी, आणि सगळे 21 जूनला जमणारच आहेत तर तेव्हाच उरकून घ्यावं. ऐनवेळचे विषय शिल्लक आहेतच की! इथे सचिवाने नाही म्हणायला शिकावं. जागाविक्रीसारख्या विषयाची आधी नोटीस लागते. 7 जूनच्या सभेच्या नोटिशीत तो विषय नव्हता, म्हणजे 7 जूनला तो घेता आला नसता, म्हणून 21 जूनलाही नाही. ऐनवेळच्या विषयांत बसतात ती किरकोळ कामं, ज्यांना आधी कळवण्याची गरजच नसते.

लोक एकाच दिवशी यावेत ही सोय मात्र साधता येते. त्याच दिवशी, तहकूब सभा संपल्यावर, वेगळी विशेष सभा बोलवा. तिची नोटीस वेगळी आणि पूर्ण मुदतीची, हजेरीपट वेगळा, इतिवृत्त वेगळं. अध्यक्षांनी पहिली सभा संपल्याचं स्पष्ट जाहीर करायचं आणि मग दुसरी सुरू करायची. कागद वाढतात, पण दोन सभांची खिचडी होत नाही.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगतो. पहिली, मूळ नोटिशीतला दोष तहकुबीने धुतला जात नाही. वर्गणीवाढीचा विषय मूळ नोटिशीत द्यायला हवा होता आणि दिलाच नव्हता, तर मध्ये दोन आठवडे गेले म्हणून तो वैध होत नाही. दुसरी, उपसूचना नोटिशीच्या आवाक्यात राहिली पाहिजे. नोटिशीत दीडपट म्हटलं होतं, म्हणून सव्वापटीची उपसूचना चालते, कारण ती सध्याची वर्गणी आणि दीडपट यांच्या मध्ये पडते. पण दुसऱ्या बैठकीत कोणी दुपटीची उपसूचना आणली तर अध्यक्षांनी ती नाकारावी. दीडपट वाचून 'ठीक आहे, मी नाही गेलो तरी चालेल' म्हणणाऱ्या सभासदाने दुपटीचा विचारच केलेला नसतो.

नोटीस: कधी हवी, किती दिवसांची

आधी आपल्या संस्थेची नियमावली किंवा उपविधी उघडा. तहकूब सभेबद्दल तिथे काही लिहिलं असेल तर तेच अंतिम. संस्था ज्या कायद्याखाली नोंदलेली आहे त्या कायद्यात काही असेल तर तो त्याच्याही वरचा.

नियम गप्प असतील तर सर्वसाधारण समज अशी: तारीख, वेळ आणि ठिकाण सभेतच जाहीर करून थांबलात आणि दुसऱ्या बैठकीत जुनंच कामकाज घेणार असाल, तर नव्या नोटिशीची सक्ती नाही. मूळ नोटीसच पुढे लागू राहते. गैरहजर सभासदाने पहिल्या नोटिशीवरूनच सभेला यायला हवं होतं, असं कायदा मानतो.

सक्ती नसली तरी मी कळवतोच आणि तुम्हीही कळवा. 180 पैकी 116 जण पहिल्या बैठकीला नव्हतेच. त्यांना ऐकीव माहितीवर सोडलं तर 21 तारखेला 40 जमतील याची खात्री काय? शिवाय एखाद्याला 'आम्हाला डावललं' म्हणायला जागा कशाला ठेवायची?

नोटीस सक्तीची होण्याचे प्रसंग ओळखू यायला हवेत. तारीख न ठरवता थांबलात, जाहीर केलेली तारीख किंवा ठिकाण नंतर बदललं, किंवा मधलं अंतर बरंच मोठं असलं, की नोटीस लागते. 'मोठं' म्हणजे किती, हे नियमाप्रमाणे बदलतं. ब्रिटनच्या त्याच नमुना नियमावलीत पुढची बैठक 14 दिवसांपेक्षा जास्त अंतरावर असेल तर किमान 7 पूर्ण दिवसांची नोटीस लागते. भारतात कंपन्यांच्या सर्वसाधारण सभांना लागू असलेल्या सचिवीय मानकात सीमा 30 दिवसांची आहे: 30 दिवस किंवा जास्त, अथवा अनिश्चित काळ, तर मूळ सभेसारखीच पूर्ण नोटीस, त्याहून कमी असेल तर किमान 3 दिवसांची. तुमची संस्था कंपनी नसेल तर हे आकडे तुम्हाला बांधील नाहीत, पण नियमावली दुरुस्त करताना कोणतं माप धरावं याची कल्पना येते.

दिवस मोजताना फसगत होते, म्हणून आपल्या तारखांवर करून पाहू. 7 जून ते 21 जून म्हणजे बरोबर 14 दिवस. नियम '14 दिवसांपेक्षा जास्त' म्हणत असेल तर 21 तारीख त्यात येत नाही, 22 येते. '14 दिवस किंवा जास्त' म्हणत असेल तर 21 ही येते. आता 7 पूर्ण दिवसांची नोटीस लागते असं धरा. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस सोडायचा आणि सभेचाही सोडायचा. 14 ते 20 जून हे सात दिवस मध्ये हवेत, म्हणजे नोटीस उशिरात उशिरा 13 जूनला दिलेली असली पाहिजे. टपालाने पाठवली तर ती कोणत्या दिवशी 'दिली' असं मानायचं, हेही नियमांत पाहा. बऱ्याच ठिकाणी टाकल्याचा दिवस नव्हे, तर पोहोचायला लागणारे एक-दोन दिवस धरून पुढचा दिवस मोजतात.

नोटिशीचा मजकूर छोटा चालतो, पण तिच्यात ही सभा जुनीच आहे हे दिसलं पाहिजे:

> रविवार, 7 जून 2026 रोजी तहकूब झालेली संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, 21 जून 2026 रोजी सायंकाळी 5 वाजता त्याच सभागृहात पुढे चालू होईल. सभेत फक्त पुढील शिल्लक विषय घेतले जातील: विषय क्र. 5 (वर्गणीवाढ, मूळ ठराव व उपसूचना सोबत जोडल्या आहेत), विषय क्र. 6 आणि विषय क्र. 7. विषय क्र. 1 ते 4 चे कामकाज पूर्ण झाले आहे.

विषयांचे क्रमांक मूळ विषयपत्रिकेतलेच ठेवा. 5, 6, 7 ऐवजी पुन्हा 1, 2, 3 दिलेत की वाचणाऱ्याला ती नवी सभा वाटते. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा विषयही पुन्हा घालू नका, तो 7 जूनलाच झाला. नोटीस सगळ्या सभासदांना जाते, फक्त आलेल्या 64 जणांना नव्हे. ती कोणाला, कशी, कधी पाठवली याची यादी फाइलला लावा. दुसऱ्या बैठकीच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख करायचा आहे.

दुसऱ्या बैठकीचं इतिवृत्त

मी दोन्ही बैठकांचं इतिवृत्त एकाच सभा-क्रमांकाखाली, भाग 1 आणि भाग 2 असं लिहितो. काही ठिकाणी दोन स्वतंत्र इतिवृत्तं ठेवायची पद्धत आहे. तीही चालते, फक्त दुसऱ्याच्या मथळ्यात पहिल्याचा उल्लेख हवा. दुसऱ्या दिवसाची माहिती पहिल्या भागात मागाहून घुसवणं मात्र चालत नाही. पहिला भाग 7 जूनला 7:55 वाजता संपला आणि तो तिथेच संपलेला दिसला पाहिजे.

हजेरी दोन्ही दिवसांची वेगळी घ्या आणि गणपूर्ती दुसऱ्या दिवशी नव्याने मोजा. आपल्या उदाहरणात 21 तारखेला 52 जण आले, त्यांतले 11 पहिल्या दिवशी नव्हते. त्यांना बोलता येतं, मत देता येतं. मताचा हक्क सभासद असण्याने येतो, पहिल्या दिवशी हजर असण्याने नव्हे. अध्यक्ष बदलले असतील तर का आणि कोणी निवडले ते लिहा. सुरुवातीला भाग 1 मधला तहकुबीचा उतारा वाचून दाखवावा. तेवढ्याने 'कुठे थांबलो होतो' हा वाद मिटतो, आणि वाचल्याची नोंदही होते.

> वार्षिक सर्वसाधारण सभा, भाग 2
> (7 जून 2026 रोजी तहकूब झालेली सभा, 21 जून 2026 रोजी सायंकाळी 5 वाजून 5 मिनिटांनी पुढे चालू)
> उपस्थिती: 52, यादी सोबत. गणपूर्ती (40) असल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. सर्व सभासदांना 10 जून 2026 रोजी नोटीस पाठवल्याचे सचिवांनी सांगितले. भाग 1 मधील शिल्लक कामकाजाची नोंद वाचून दाखवली.
> विषय क्र. 5 (पुढे चालू)
> उपसूचनेवर मतदान: बाजूने 30, विरोधात 19, तटस्थ 3. उपसूचना मंजूर.
> ठराव क्र. 6: "1 जुलै 2026 पासून वार्षिक वर्गणी सध्याच्या सव्वापट करण्यात यावी." बाजूने 41, विरोधात 11. मंजूर.

ठरावाचा क्रमांक 6 आहे, कारण पाचवा क्रमांक तहकुबीच्या ठरावाने घेतला. क्रमांक सलग चालतात आणि विषय-क्रमांकाशी जुळलेच पाहिजेत असं नाही.

तारखेचा मुद्दा सोडू नका. सभा एकच असली तरी ठराव ज्या दिवशी खरोखर मंजूर झाला त्याच दिवसाचा मानला जातो. भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 116 आणि ब्रिटनच्या 2006 च्या कंपनी कायद्यात कलम 332 हेच सांगतं. म्हणजे हिशेब मंजूर झाले 7 जूनला आणि वर्गणी ठरली 21 जूनला. बँकेला किंवा निबंधकाला ठरावाची प्रत देताना 'वार्षिक सभेत मंजूर' एवढंच लिहून 7 जून टाकलंत तर ते चूक. ठरावात 'मंजूर झाल्यापासून' अशी भाषा असेल तर ही चूक थेट पैशाच्या हिशेबात उतरते.

दोन्ही भाग कायम केव्हा करायचे? माझी पद्धत अशी की पुढच्या नियमित सभेत दोन्ही एकत्र. तुमचे नियम पहिला भाग दुसऱ्या बैठकीच्या सुरुवातीलाच कायम करायला सांगत असतील तर तसं करा. सही मात्र प्रत्येक भागाखाली, त्या दिवशी अध्यक्षस्थानी जे होते त्यांची.

गणपूर्तीच झाली नाही तर

इथे इतिवृत्त चार ओळींचं, पण ते लागतंच. सभा बोलावली होती किती वाजता, किती वेळ वाट पाहिली, किती जण होते, गणपूर्ती किती हवी होती आणि सभा कधीवर तहकूब झाली. कोणताही विषय घेतलेला नसल्याने सगळीच्या सगळी विषयपत्रिका पुढे जाते. भारताच्या कंपनी कायद्याच्या कलम 103 मध्ये याचा ठरलेला साचा आहे: अर्धा तास वाट, मग पुढच्या आठवड्यात तोच वार, तीच वेळ, तेच ठिकाण, किंवा संचालक मंडळ ठरवेल ती दुसरी तारीख आणि जागा. अशा तहकूब सभेसाठी किमान 3 दिवसांची नोटीस लागते, तारीख, वेळ किंवा जागा बदलली तरीही. दुसऱ्या वेळीही अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर हजर असतील तेवढे सभासद पुरेसे. मात्र सभासदांनीच मागणी करून बोलावलेली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होत नाही, रद्दच होते. अशी सवलत तुमच्या नियमांत असेल तरच वापरा. नियमांत नसताना 'तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही' हे वाक्य सर्रास ऐकू येतं, त्यावर विसंबू नका.

गणपूर्ती मध्येच मोडली तर ती कोणी निदर्शनास आणली, किती वाजता, आणि मोजल्यावर किती जण निघाले, हे लिहा. तोवरचे ठराव टिकतात, त्यानंतर फक्त तहकुबी.

आणि ठरलेल्या तारखेला बैठक भरलीच नाही तर? रजिस्टरमध्ये भाग 1 खाली तारखेसह नोंद करा: "21 जून 2026 रोजीची तहकूब बैठक …… कारणामुळे भरली नाही. विषय क्र. 5, 6 व 7 अनिर्णित." नवी तारीख सचिवाने किंवा अध्यक्षांनी परस्पर ठरवू नये. सुरक्षित मार्ग म्हणजे उरलेल्या विषयांसाठी पूर्ण मुदतीची नोटीस काढून नवी सभा बोलावणं. त्या सभेत वर्गणीचा ठराव पुन्हा मांडावा लागेल, अनुमोदन पुन्हा घ्यावं लागेल आणि सव्वापटीची उपसूचना ज्याला आणायची असेल त्याने ती नव्याने आणावी.